जुन्या साहेबांकडे रेफरन्स मागताना

मुलाखतीच्या दोन-तीन फेऱ्या पार पडतात, पगाराची बोलणी होतात आणि आता नेमणुकीचे पत्र हाती पडणार असे वाटत असतानाच नव्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून एक तक्ता भरण्यासाठी येतो. पूर्वी ज्यांच्या हाताखाली काम केले, अशा दोन वरिष्ठांची नावे, हुद्दे, दूरध्वनी क्रमांक आणि कार्यालयीन ई-मेल पत्ते त्यात मागितलेले असतात. मुदत बहुधा दोन-तीन दिवसांची असते. मग धावपळ सुरू होते. ज्या साहेबांशी गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे बोलणे झालेले नाही, त्यांचे नाव काही उमेदवार त्यांना न विचारताच तक्त्यात भरून मोकळे होतात. काही जण विचारतात, पण इतक्या आडवळणाने, की वाचणाऱ्याला नेमके काय हवे आहे तेच कळत नाही.

यातला पहिला मार्ग तर उघडच धोक्याचा आहे. अनोळखी क्रमांकावरून येणारे फोन न उचलण्याची सवय आता बहुतेकांना लागली आहे. पूर्वसूचना नसेल तर साहेब फोन उचलतच नाहीत. उचलला तरी चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे नाव ऐकून क्षणभर थबकतात. ‘हो, होते आमच्याकडे. काम ठीक होते,’ असे काहीतरी बोलून फोन ठेवतात. पलीकडे बसलेली व्यक्ती हे थबकणे आणि हे ‘ठीक’ दोन्ही टिपून घेते. फोन लागलाच नाही, तर ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा पडतो आणि नेमणूक लांबते. वास्तविक साहेबांच्या मनात उमेदवाराविषयी काहीच वाईट नसते. त्यांना केवळ आठवायला वेळ मिळालेला नसतो.

म्हणून आधी विचारायला हवे, आणि तेही थोडक्यात. थोडक्यात म्हणजे नुसते कमी शब्दांत नव्हे. समोरच्याला उत्तर देण्यापूर्वी जे जे शोधावे लागेल, आठवावे लागेल किंवा परत विचारावे लागेल, ते सारे आपण आधीच करून ठेवायचे, हा त्याचा खरा अर्थ.

साहेबांच्या खुर्चीतून पाहिले तर

असा निरोप वाचताना माजी वरिष्ठांच्या मनात साधारण चार प्रश्न येतात. ही व्यक्ती नेमकी कोण आणि कोणत्या काळातली? मला करायचे काय आहे, पत्र लिहायचे की फोनवर बोलायचे? किती वेळ जाईल आणि कधी? आणि मी बोलणार काय, मला तर फारसे आठवत नाही! याच्या जोडीला एक पाचवा, न बोललेला प्रश्न असतो : नाही म्हणायचे असेल तर ते कसे म्हणू?

हा पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण मागणारा त्याचा विचारच करत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडे लहानसहान मदत मागायला सांगितले होते. प्रश्नावली भरून द्या, मोबाइल क्षणभर वापरू द्या, अशा स्वरूपाची ही मदत होती. किती जण हो म्हणतील याचा विद्यार्थ्यांनी आधी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त समोरच्याला पडणारे कष्ट असतात. तोंडावर नाही म्हणणे किती अवघड जाते, हे त्याच्या लक्षात येत नाही, असे त्याचे कारण या संशोधकांनी मांडले.

रेफरन्सच्या बाबतीत या निष्कर्षाला दोन बाजू आहेत. संकोच करू नका, लोक आपल्याला वाटते त्याहून सहज होकार देतात, ही एक बाजू. पण त्यातला काही होकार केवळ भिडेपोटी आलेला असू शकतो, ही दुसरी. प्रश्नावली भिडेपोटी भरून दिली तरी बिघडत नाही. भिडेपोटी दिलेला रेफरन्स मात्र फोनवर लगेच ओळखू येतो. उत्तरे तुटक होतात, उदाहरणे सुचत नाहीत, आवाजात उत्साह नसतो. तेव्हा होकार सोपा करायचा असेल तर नकारही तितकाच सोपा ठेवावा लागतो. नाही म्हणण्याची मोकळीक असताना मिळालेला होकारच पुढे उपयोगी पडतो.

एक उदाहरण

समजा, पुण्याजवळ चाकण येथे वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात एक उमेदवार जून २०१९ ते मार्च २०२२ या काळात नोकरीस होती. पुढे तिने नोकरी बदलली. तेव्हाचे तिचे खरेदी व्यवस्थापकही आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथील एका कारखान्यात आहेत. नाशिकमधील स्विचगिअर बनविणाऱ्या एका कंपनीत खरेदी उपव्यवस्थापक या पदासाठी तिची निवड अखेरच्या टप्प्यावर आली आहे. तिने लिहिलेला पहिला मसुदा असा :

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा करते. बऱ्याच दिवसांत संपर्क ठेवता आला नाही याबद्दल क्षमस्व. आपल्या हाताखाली मला खूप शिकायला मिळाले, ते ऋण मी कधीही विसरणार नाही. सर, आपल्याकडे एक छोटेसे काम होते. एका चांगल्या ठिकाणी माझी बोलणी पुढे गेली आहेत आणि त्यांनी रेफरन्स मागितला आहे. आपण नाही म्हणणार नाही याची मला खात्री आहे. माझे भवितव्य आता आपल्याच हाती आहे. सोबत बायोडेटा जोडला आहे. वेळ मिळेल तेव्हा फोन करावा, ही विनंती.’

यात अनादर कुठेही नाही, उलट आदर ओसंडून वाहतो आहे. तरीही साहेबांच्या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर यात नाही. काळ नाही, पद नाही, काम कोणते ते नाही, मुदत नाही. ‘छोटेसे काम’ कळायला अर्धा मजकूर वाचावा लागतो. बायोडेटा उघडून त्यातून माहिती शोधण्याचे काम साहेबांवर आणि फोन करण्याचे कामही साहेबांवरच. ‘आपण नाही म्हणणार नाही’ आणि ‘भवितव्य आपल्याच हाती’ या दोन वाक्यांनी तर नकाराची वाट पुरती बंद केली आहे. अशा निरोपाला ‘सवडीने पाहू’ म्हणून बाजूला ठेवले जाते आणि ती सवड मिळत नाही.

आता हाच निरोप पुन्हा लिहू :

‘नमस्कार सर. मी (येथे पूर्ण नाव). चाकणच्या खरेदी विभागात जून २०१९ ते मार्च २०२२ या काळात आपल्या हाताखाली होते. रबर आणि प्लास्टिकच्या भागांची खरेदी माझ्याकडे होती.

नाशिकच्या एका स्विचगिअर कंपनीत खरेदी उपव्यवस्थापक या पदासाठी माझी निवड अंतिम टप्प्यात आहे. त्यांना माझ्या पूर्वीच्या वरिष्ठांशी बोलायचे आहे. माझ्या कामाविषयी बोलायला आपली हरकत नसेल, तर आपले नाव देऊ का?

सोमवार ते बुधवारच्या दरम्यान त्यांच्या एचआरकडून एक फोन येईल. दहा-पंधरा मिनिटे लागतील. आपला होकार असल्यास आवश्यक तपशील मी एका पानात पाठवते.

गुरुवारी सायंकाळपर्यंत ‘हो’ किंवा ‘नको’ एवढेच कळवले तरी पुरे. कंपनीच्या नियमामुळे किंवा अन्य कारणाने जमणार नसेल तर निःसंकोच सांगावे, माझ्याकडे दुसरे नाव आहे. हे तूर्त आपल्यापुरतेच असू द्यावे, ही विनंती.’

शंभराच्या आसपास शब्द. मोबाइलच्या पडद्यावर एका दमात वाचून होतील आणि एका शब्दात उत्तर देता येईल. दोघांचा पत्रव्यवहार इंग्रजीत होत असे, तर तो इंग्रजीतच ठेवावा. क्रम मात्र हाच असावा.

प्रत्येक वाक्य कशासाठी?

पूर्ण नाव, ठिकाण आणि काळ सुरुवातीलाच आला, कारण तिचा क्रमांक साहेबांच्या मोबाइलमध्ये असेलच असे नाही आणि एकाच नावाच्या दोघी-तिघी त्यांच्या हाताखाली होऊन गेलेल्या असू शकतात. ‘रबर आणि प्लास्टिकच्या भागांची खरेदी’ या शब्दांनी चेहरा आठवतो. हुद्द्याने तो आठवेलच याची खात्री नसते.

‘आपले नाव देऊ का?’ हा संपूर्ण निरोपातील एकमेव प्रश्न आहे. त्याला ‘माझ्या कामाविषयी बोलायला हरकत नसेल’ ही अट जोडली, त्यामागेही हेतू आहे. नुसते ‘रेफरन्स द्याल का?’ असे विचारले तर साहेब ओळख आणि कार्यकाळ यांची पुष्टी देण्यापुरता होकार देऊ शकतात. कामाविषयी बोलायचे आहे असे स्पष्ट केले, की ज्यांना तिच्या कामाविषयी फारसे चांगले सांगण्यासारखे नाही त्यांना इथेच थांबता येते.

नव्या कंपनीचे नाव पहिल्या निरोपात मुद्दाम दिलेले नाही. एकाच क्षेत्रातील खरेदी विभाग एकमेकांना ओळखतात, पुरवठादारही बहुधा तेच असतात, आणि बातमी सध्याच्या नोकरीच्या ठिकाणी पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणूनच शेवटची ‘आपल्यापुरतेच’ ही विनंतीही आवश्यक. याच कारणास्तव सध्याच्या साहेबांचे नाव रेफरन्स म्हणून देण्याची घाई करू नये. त्यांच्याशी नेमणूक पक्की झाल्यानंतरच बोलावे, असे नव्या कंपनीला सांगण्यात गैर काही नाही.

मुदत गुरुवारची आहे, कारण शुक्रवारी तक्ता भरून द्यायचा आहे. ‘सवडीने कळवा’ हे वरवर नम्र वाटते, पण कधीपर्यंत कळवायचे हे त्यामुळे साहेबांनाच ठरवत बसावे लागते. आणि ‘माझ्याकडे दुसरे नाव आहे’ हे वाक्य नकार देणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरवते. पण ते खरे असले पाहिजे. यासाठी आधी दुसरे नाव डोळ्यांसमोर ठेवावे आणि मगच पहिला निरोप धाडावा.

हा निरोप ई-मेलने पाठवावा की व्हॉट्सअ‍ॅपवर, हे पूर्वी दोघांमध्ये कसे बोलणे होत असे त्यावर ठरवावे. फक्त एकदम फोन करू नये. फोनवर उत्तर तत्काळ द्यावे लागते आणि तिथे भिडेचा होकार हमखास मिळतो.

होकारानंतरचे एक पान

साहेबांचे ‘हो, द्या माझे नाव’ असे उत्तर आले, की त्याच दिवशी दुसरा निरोप जायला हवा. त्यात कंपनीचे नाव, पदाची जाहिरात, फोन करणाऱ्या विभागाचे किंवा पडताळणी संस्थेचे नाव आणि शक्य असल्यास फोन कोणत्या क्रमांकावरून येईल तेही द्यावे. साहेबांचा कोणता क्रमांक व ई-मेल पत्ता द्यायचा, दिवसातील कोणती वेळ सोयीची, हेही याच वेळी विचारावे. पडताळणी संस्था पुष्कळदा खासगी ई-मेलऐवजी कार्यालयीन पत्ताच मागतात. साहेबांनी कंपनी बदललेली असेल किंवा ते निवृत्त झाले असतील, तर ही गोष्ट नव्या कंपनीला आधीच कळवावी. अन्यथा जुन्या पत्त्यावर पाठवलेला ई-मेल परत येतो आणि विनाकारण संशय निर्माण होतो.

याच पानात आठवणीसाठी तीन-चार ओळी असाव्यात. रेफरन्सच्या फोनवर विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. किती काळ एकत्र काम केले, जबाबदारी काय होती, जमेच्या बाजू कोणत्या, सुधारणेस वाव कुठे, नोकरी का सोडली, आणि संधी मिळाल्यास पुन्हा घ्याल का? आपल्या उमेदवाराने लिहिलेल्या ओळी अशा असू शकतात :

‘२०२०च्या टाळेबंदीनंतर कारखाना सुरू झाला तेव्हा रबरी सीलचा नेहमीचा पुरवठादार माल देऊ शकत नव्हता. कोल्हापूरचा दुसरा पुरवठादार शोधून त्याचे नमुने गुणवत्ता विभागाकडून मंजूर करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. पुरवठादारांच्या थकलेल्या बिलांचा ताळमेळही मी लेखा विभागासोबत पूर्ण केला होता. पहिल्या वर्षी मी पाठपुरावा तोंडी ठेवत असे, हे आपण दाखवून दिलेत आणि त्यानंतर मी आठवड्याचा लेखी तक्ता सुरू केला. नोकरी सोडण्याचे कारण मी मुलाखतीत असे सांगितले आहे, की मला अधिक वरच्या जबाबदारीचे पद मिळत होते.’

यातली तिसरी गोष्ट उमेदवाराला लिहावीशी वाटत नाही. स्वतःचा दोष स्वतःच कशाला आठवून द्यायचा? पण ‘सुधारणेस वाव कुठे’ हा प्रश्न बहुधा विचारला जातोच. साहेबांना काही सुचले नाही तर ते ‘तसे काही नाही’ म्हणतात, आणि हे उत्तर कुणालाच खरे वाटत नाही. किंवा त्यांना त्या क्षणी भलतेच काही आठवते. सुधारलेला दोष ही सर्वांत विश्वासार्ह प्रशंसा असते, कारण त्यात दोष आणि वाढ दोन्ही येतात.

नोकरी सोडण्याचे कारणही म्हणूनच लिहायचे. उमेदवार एक कारण सांगते आणि साहेब दुसरे, तर दोघेही खरे बोलत असले तरी विसंगती नोंदवली जाते. सोडतेवेळी काही कटुता झाली असेल, तर आपण मुलाखतीत त्याविषयी काय सांगितले तेही साहेबांना मोकळेपणाने कळवावे.

इथे एक मर्यादा पाळायला हवी. हे पान आठवण करून देण्यासाठी आहे, उत्तरे पढवण्यासाठी नाही. साहेबांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टीच त्यात असाव्यात. त्यांच्या तोंडी विशेषणे घालू नयेत. ‘मी अत्यंत मेहनती होते असे सांगावे’ ही सूचना त्यांना अपमानास्पद वाटू शकते. रबरी सीलची घटना आठवून दिली, की विशेषण त्यांचे त्यांना सुचते.

उत्तरे कशी वाचावीत?

‘जरूर. फोन यायच्या आधी मला एकदा आठवण कर’ हे उत्तर निःशंक होकाराचे. ‘दे नाव, काही हरकत नाही’ हेही पुरेसे आहे. परंतु ‘बघू’, ‘तसा मी सध्या फार गडबडीत आहे’, ‘दुसरे कुणी नाही का?’ ही उत्तरे सौजन्याने दिलेला नकार आहेत. त्यांवर आग्रह करू नये. आभार मानून दुसऱ्या नावाकडे वळावे.

उत्तरच आले नाही तर? दिलेल्या मुदतीच्या दिवशी सकाळी एक ओळीची आठवण करावी : ‘सर, आज सायंकाळी मला नावे कळवायची आहेत. जमणार नसेल तरी हरकत नाही.’ त्यानंतरही शांतता असेल, तर ती नकार समजून नाव देऊ नये. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या म्हणजे संमती मिळाली, असा अर्थ काढण्याचा मोह आवरावा.

एक उत्तर मात्र वेगळ्या जातीचे असते : ‘आमच्याकडे व्यवस्थापकांनी रेफरन्स द्यायचा नाही असा नियम आहे, एचआरशी बोला.’ हा बहाणाच असतो असे नाही. अनेक मोठ्या कंपन्या माजी कर्मचाऱ्याविषयी केवळ कार्यकाळ आणि हुद्दा एवढीच माहिती देतात. यामागे कायदेशीर भीती असते. ब्रिटनमध्ये एका माजी कर्मचाऱ्याने प्रतिकूल रेफरन्समुळे आपली दुसरीकडील नोकरी हुकली, असा दावा लावला होता. रेफरन्स देताना नोकरी देणाऱ्याने रास्त काळजी घेतलीच पाहिजे, हे त्याच्या कर्तव्यात येते, असा निर्णय तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९४ साली ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अश्युरन्स’ या खटल्यात दिला. हा निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाही, पण कमी बोलले तर जोखीमही कमी, हा विचार कंपन्या का करतात ते त्यावरून उमजते.

असे उत्तर आल्यास दोन पर्याय उरतात. साहेबांनी ती कंपनी सोडली असेल, तर तिथल्या आपल्या कामाविषयी त्यांना वैयक्तिक पातळीवर बोलता येईल का, असे एकदाच विचारावे. आपल्या उदाहरणात हीच शक्यता आहे, कारण साहेब आता वाळूजला आहेत. मात्र त्यांच्या सध्याच्या कंपनीचा नियम काय सांगतो, हे त्यांनाच ठरवू द्यावे. ते जमणार नसेल तर कार्यकाळ व हुद्द्याची पुष्टी जुन्या एचआरकडून घ्यावी आणि कामाविषयी बोलण्यासाठी अन्य वरिष्ठांचे नाव द्यावे. अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र हाती असले तरी ते रेफरन्सची जागा घेत नाही. त्यातून नोकरी केल्याचे सिद्ध होते, ती कशी केली ते कळत नाही.

शेवटचे दोन निरोप

फोन येऊन गेल्याचे कळले, की त्याच दिवशी आभाराची एक ओळ जावी. आणि निकाल लागला, की तो कळवावा. नोकरी मिळाली तरी आणि न मिळाली तरी. हा दुसरा निरोप विसरला जातो, कारण तोवर नव्या नोकरीची गडबड सुरू झालेली असते, किंवा नकार आलेला असेल तर सांगायची इच्छा नसते. पण ज्यांनी आपल्यासाठी पंधरा मिनिटे काढली आणि आपल्या नावापुढे स्वतःचा शब्द ठेवला, त्यांना त्याचे पुढे काय झाले हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळणे बरे दिसत नाही. शिवाय चार-पाच वर्षांनी असाच एखादा तक्ता पुन्हा येईल. तेव्हा निरोपाची पहिली ओळ, म्हणजे ‘मी अमुक, अमुक काळात आपल्या हाताखाली होते’, ही लिहावीच लागणार नाही.